टोमॅटो चटणीची रील : ‘फक्त ५ मिनिटांत’ आणि खरा हिशेब

टोमॅटोच्या झटपट चटणीच्या रीलखाली बहुतेक वेळा एकच ओळ असते : ‘फक्त ५ मिनिटांत! ऑफिसला जाणाऱ्या आयांसाठी खास.’ ही ओळ खरी नाही, आणि जिच्यासाठी ती लिहिली तिलाच ती महागात पडते. सव्वासातला मुलाची स्कूलबस येणार म्हणून तिनं सात वाजता टोमॅटो कढईत टाकले, तर डबा भरायच्या वेळी कढईत लालसर पाणीच दिसतं. आपल्याच हातून काहीतरी बिघडलं असं तिला वाटतं. बिघडलेलं काहीच नसतं, कॅप्शनमधली वेळच चुकीची असते.

हिशेब साधा आहे. चार मध्यम टोमॅटो म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम, आणि त्यात जवळजवळ ९५ टक्के पाणी. चपातीला लावता येईल इतकी दाट चटणी हवी, तर त्यातलं दीडशे ग्रॅम तरी पाणी वाफ होऊन जायला हवं. घरच्या गॅसवर, मोठ्या आचेवर आणि पसरट कढईत त्याला दहा ते बारा मिनिटं लागतात. अरुंद, खोल पातेल्यात आणखी वेळ जातो. व्हिडिओत नेमका हाच भाग कापलेला असतो : चिरलेले टोमॅटो दिसतात आणि पुढच्याच क्षणी कडेनं तेल सुटलेलं दिसतं.

वेळ वाचवायला अनेक जणी कच्चे टोमॅटो आधी मिक्सरमध्ये फिरवतात. त्यानं वेळ वाचत नाही. फिरवताना हवा मिसळून रंग फिकट गुलाबी होतो, पातळ रस कढईत उसळून शिंतोडे उडतात, म्हणून आच कमी करावी लागते आणि पाणी आटायला उलट जास्त वेळ लागतो. फोडी करून टाका, मीठ लगेच घाला, पहिली तीन मिनिटं झाकण ठेवा म्हणजे फोडी मऊ पडतात. मग झाकण काढा आणि पुन्हा ठेवू नका, नाहीतर उडायला हवी ती वाफ पाणी होऊन परत आत पडते. शेवटी पावभाजीच्या मॅशरनं किंवा डावाच्या पाठीनं ठेचलं तरी पुरतं. भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट उरलेलं पाणी शोषून घेतो, त्यामुळे शेवटच्या थेंबापर्यंत आटवत बसावं लागत नाही. चटणी झाली की नाही हे घड्याळापेक्षा कढईच सांगते : तळावरून डाव फिरवला की रेघ उमटावी आणि ती लगेच भरून येऊ नये.

म्हणून कॅप्शनमध्ये ‘हाताचं काम ५ मिनिटं, गॅसवर १२ मिनिटं’ असं लिहावं. कामावर जाणाऱ्या बाईला हे जास्त उपयोगी आहे. त्या बारा मिनिटांत दुसऱ्या शेगडीवर चपात्या होतात, हे तिला लगेच कळतं.

दुसरा गैरसमज मापांचा. ‘एक चमचा मीठ’ लिहिलं की सगळ्यांना कळतं, असं लिहिणारीला वाटतं. पण कोणाच्या मिसळणाच्या डब्यात लहान चमचा असतो, कोणाच्या डब्यात मोठा. चहाचा सपाट चमचा ५ मिलीचा, मोठा चमचा १५ मिलीचा, म्हणजे तिप्पट फरक. एवढ्याशा चटणीत मोठा चमचाभर मीठ पडलं तर ती फेकूनच द्यावी लागते. मीठ आणि तिखट यांच्यापुढे चमचा कुठला ते लिहायलाच हवं. टोमॅटोच्या बाबतीत मात्र नुसता आकडा पुरत नाही, अंदाजे वजनही द्यावं. गूळ तेवढा ‘चवीनुसार’ राहू द्यावा, कारण तिथं खरंच चव पाहावी लागते. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून लांब जाणारा माल वाटेत दबू नये म्हणून पूर्ण पिकण्याआधीच तोडलेला असतो. असे कडक टोमॅटो आणि दारात पिकलेले गावठी टोमॅटो यांच्या आंबटपणात फरक पडतोच.

काही जणी टोमॅटोच्या बिया आणि भोवतीचा गर काढून टाकायला सांगतात. चवीचा मोठा वाटा त्याच गरात असतो. तो ठेवावा.

आता वाढण्याची टिप. ‘गरमागरम डोशाबरोबर वाढा’ ही रविवारची टिप झाली. सोमवारी सकाळी ही चटणी डब्यात जाणार असते, मधल्या सुट्टीत गार खाल्ली जाणार असते, आणि घरात तिखट न खाणारं एक मूलही असतं. म्हणून तिखट फोडणीत ठेवावं आणि फोडणी सगळ्यात शेवटी करावी. फोडणीआधी मुलाच्या वाट्याची चटणी बाजूला काढली की एकाच कढईत दोन चटण्या होतात. गरम चटणी लगेच डबीत भरून झाकण लावलं तर वाफेचं पाणी सुटतं आणि चपाती ओली होते. ताटात पसरून पाच मिनिटं निववावी. चपातीला आधी तुपाचा हात लावून मग चटणी लावली की ओल लवकर आत शिरत नाही.

‘टोमॅटो आंबट, म्हणून चटणी बाहेरही टिकते’ हा समज मात्र त्रासाचा ठरू शकतो. टोमॅटोचा आंबटपणा लिंबाइतका नसतो, आणि या चटणीत ओलावा, कूट आणि लसूण असतं. फ्रिजमध्ये, कोरड्या चमच्यानं काढत गेलं तर तीन दिवस धरावेत. वर बुरशी दिसली किंवा फसफसल्यासारखा वास आला, तर वरचा थर काढून खालचं वापरू नये, सगळी टाकून द्यावी.

राहिली कॅप्शनची मांडणी. रीलवर कॅप्शनची पहिली ओळच काय ती दिसते, बाकीचं उघडून वाचावं लागतं. तिथं ‘नमस्कार मैत्रिणींनो’ लिहिलं तर जागा वाया जाते. पदार्थाचं नाव आणि वेळ तिथंच यायला हवी. पुढे जागेची अडचण नसते, इन्स्टाग्राम २,२०० अक्षरं देतं. साहित्य कढईत पडतं त्याच क्रमानं लिहावं, म्हणजे ओल्या हातानं व्हिडिओ मागे-पुढे करावा लागत नाही. माझं कॅप्शन असं असेल :

डब्यासाठी टोमॅटो चटणी : हाताचं काम ५ मिनिटं, गॅसवर १२ मिनिटं

साहित्य (दीड वाटी चटणी, चौघांना पुरते) :
तेल १ मोठा चमचा
लसूण ६ पाकळ्या, ठेचून
लाल पिकलेले टोमॅटो ४ मध्यम (सुमारे ४०० ग्रॅम), फोडी करून
मीठ पाऊण चहाचा चमचा
भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट ३ मोठे चमचे (शाळेत शेंगदाणे चालत नसतील तर डाळ्याची पूड)
गूळ सुपारीएवढा, चव पाहून कमी-जास्त
फोडणीला : तेल १ मोठा चमचा, मोहरी अर्धा चहाचा चमचा, चिमूटभर हिंग, कढीपत्ता, लाल तिखट १ चहाचा चमचा

पसरट स्टीलच्या कढईत तेलावर लसूण परता. टोमॅटो आणि मीठ घाला, ३ मिनिटं झाकण. झाकण काढून मोठ्या आचेवर ७-८ मिनिटं आटवा, मधूनमधून ठेचा. कूट आणि गूळ घालून १ मिनिट ढवळा. मुलांची चटणी आत्ताच बाजूला काढा. छोट्या कढईत फोडणी करा, गॅस बंद केल्यावर तिखट घाला म्हणजे जळत नाही, आणि उरलेल्या चटणीवर ओता.

डब्यासाठी : ताटात पसरून ५ मिनिटं निववा. चपातीला आधी तूप, मग चटणी. भाकरी किंवा इडलीबरोबर देणार असाल तर वेगळ्या डबीत.

फ्रिजमध्ये ३ दिवस. चमचा कोरडा.