ब्लॅक बुकातली उसनी आकृती

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अहवाल, म्हणजेच मुंबईकडे ज्याला ब्लॅक बुक म्हणतात तो, छापण्याआधी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. हे सॉफ्टवेअर प्रामुख्याने शब्द जुळवते. इंटरनेटवरून जशीच्या तशी उचललेली सर्किटची आकृती त्यातून बहुधा सहज सुटते. तोंडी परीक्षेत मात्र ती सापडते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गटाने मोबाइलवरून पाण्याचा पंप चालू-बंद करणारे यंत्र केले आहे. त्यात ईएसपी८२६६ हा वायफाय बोर्ड एका ट्रान्झिस्टरमार्फत १२ वोल्टचा रिले चालवतो. अहवालात लावलेली आकृती मात्र आर्डुइनोसाठी काढलेली आहे. तिच्यात बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला १० किलोओहमचा रेझिस्टर आहे. आर्डुइनोच्या पिनवर ५ वोल्ट येतात, त्यातले सुमारे ०.७ वोल्ट ट्रान्झिस्टर घेतो, म्हणून बेसमध्ये ०.४३ मिलिअँपिअर प्रवाह जातो. बीसी५४७ तो किमान ११० पट वाढवतो असे धरले, तर ४७ मिलिअँपिअर मिळतात. रिलेच्या कॉइलला लागतात ३०. काम भागते.

या गटाच्या बोर्डाच्या पिनवर ५ नव्हे, ३.३ वोल्ट येतात. तोच रेझिस्टर ठेवला तर बेसमध्ये जेमतेम ०.२६ मिलिअँपिअर जातो आणि ११० पट करूनही ३० चा आकडा गाठला जात नाही. रिले कधी ओढतो, कधी नुसता कुरकुरतो. लॅबमध्ये कोणीतरी सांगितल्यावर मुलांनी १ किलोओहमचा रेझिस्टर लावला आणि पंप चालू लागला. पण अहवालातली आकृती तशीच राहिली. बाहेरून आलेले परीक्षक आधी आकृतीकडे पाहतात, मग बोर्डाकडे, आणि विचारतात, “इथे १० के लिहिलंय, बोर्डावर १ के का?” ज्याने आकृती स्वतः काढली आहे, त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर असते.

उचललेली आकृती ओळखण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. एका पानावर रेझिस्टर नागमोडी, तर पुढच्या पानावर चौकोनी. एकूण रेझिस्टर सहा, पण आकृतीत आर ४७. अक्षरे फुटलेली, कोपऱ्यात पुसट वॉटरमार्क, आणि सुट्या भागांच्या यादीत नसलेला एखादा कपॅसिटर.

आकृती नव्याने काढायची तर सुरुवात समोरच्या बोर्डापासून करावी, सापडलेल्या चित्रापासून नव्हे. प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते कागदावर उतरवावे, रेझिस्टरवरचे रंगपट्टे वाचून खरी किंमत लिहावी, मग किकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आकृती काढावी. त्यातली विद्युत नियमांची तपासणी चालवली की तुटलेली जोडणी किंवा मोकळी राहिलेली पिन लगेच दिसते. भागांना क्रमाने नावे द्यावीत आणि तीच नावे यादीत वापरावीत.

नव्याने काढली म्हणजे श्रेय देण्याचे काम संपले, हा मात्र गैरसमज आहे. मांडणी दुसऱ्याची असेल तर तसे सांगावेच लागते. चित्र जसेच्या तसे घेतले असेल, तर आकृतीखाली ‘स्रोत’ लिहून संदर्भ क्रमांक आणि मूळ आकृतीचा क्रमांक द्यावा. तीच मांडणी स्वतः रेखाटली असेल, तर ‘संदर्भ ४ मधील आकृती ७ वरून पुनर्रेखाटन’ असे लिहावे. बदल केले असतील तर तेही सांगावेत. वरच्या गटाची ओळ अशी होईल : ‘संदर्भ ४ वर आधारित, आर्डुइनोऐवजी ईएसपी८२६६, बेस रेझिस्टर १० ऐवजी १ किलोओहम.’ परीक्षकाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर याच ओळीत आहे. डेटाशीटमधली आकृती असेल तर उत्पादक, भागाचा क्रमांक आणि आवृत्ती लिहावी. ‘गुगल इमेजेस’ हा स्रोत नव्हे. चित्र ज्या पानावर आहे ते पान उघडून त्याचे नाव द्यावे.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहू. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात कलाकृतीच्या व्याख्येत रेखाचित्राबरोबर आकृती, नकाशा आणि आराखडाही येतो. कॉपीराइट त्या रेखाटनाला असतो; ट्रान्झिस्टरने रिले चालवण्याच्या कल्पनेला नाही. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत सर्रास असणारे सर्किट आपल्या भागांसह स्वतः काढले, तर कोणाची परवानगी लागत नाही. पण तोच अहवाल पुढे शोधनिबंध म्हणून छापायचा असेल आणि त्यात दुसऱ्याचे चित्र जसेच्या तसे असेल, तर नुसते श्रेय बहुधा पुरत नाही. प्रकाशक मूळ हक्कदाराची लेखी परवानगी मागतो.

अहवाल बांधायला देण्याआधी प्रत्येक आकृती बोर्डाशेजारी धरून एकदा ताडून पाहा. जी जुळत नाही ती पुन्हा काढा, आणि जी दुसऱ्याची आहे तिच्याखाली त्याचे नाव लिहा.