क्रिएटिनचा डबा घेताना हिशेब कशाचा करायचा?

वडोदऱ्यात शिकायला आलेली बरीच मुले संध्याकाळी आपल्या मंडळाच्या व्यायामशाळेत येतात. खानावळीचे आणि खोलीचे पैसे दिल्यावर जे उरते, त्यातूनच त्यांना क्रिएटिनचा डबा घ्यायचा असतो. परवा दोघांनी दोन डब्यांच्या किमती आमच्यापुढे ठेवून विचारले, यातला स्वस्त कोणता?

पहिल्या डब्यात साधे, बिनचवीचे क्रिएटिन मोनोहायड्रेट होते: २५० ग्रॅम, ६०० रुपये. दुसरा फळाच्या चवीचा, ३०० ग्रॅम, ६६० रुपये. वजनाने भागले तर पहिला ग्रॅमला २ रुपये ४० पैसे पडतो आणि दुसरा २ रुपये २० पैसे. म्हणजे दुसरा स्वस्त, असे दोघांचेही मत झाले होते.

मग आम्ही डब्यामागचा बारीक मजकूर वाचायला सांगितले. दुसऱ्याचा एक स्कूप ६ ग्रॅमचा, पण त्यात क्रिएटिन ३ ग्रॅमच. बाकी चव, गोडी आणि आंबटपणा. म्हणजे ३०० ग्रॅमच्या डब्यात क्रिएटिन फक्त १५० ग्रॅम. किमतीला डब्याच्या वजनाने नव्हे, तर आतल्या क्रिएटिनने भागायचे आणि आलेल्या आकड्याला रोजच्या मात्रेने गुणायचे. रोज ३ ग्रॅम धरले तर पहिला दिवसाला ७ रुपये २० पैसे पडतो, दुसरा १३ रुपये २० पैसे. महिन्याला १८० रुपयांचा फरक, तोही सरबताच्या चवीसाठी!

मात्रा ३ ग्रॅमच का धरली? मोठ्या माणसाला रोज ३ ते ५ ग्रॅम पुरते, आणि ३ ग्रॅमनेही साधारण चार आठवड्यांत स्नायूंतला साठा भरतो. सुरुवातीला पाच दिवस रोज २० ग्रॅम घेतले तर तो लवकर भरतो, पण शेवटी पातळी तीच राहते. त्या पाच दिवसांत १०० ग्रॅम, म्हणजे पहिल्या डब्यातले २४० रुपये संपतात. घाई नसेल तर हा खर्च टाळावा.

हिशेब बिघडतो तो स्कूपमुळे. स्कूप आकारमान मोजतो, वजन नाही. दाबून किंवा शीग लावून भरला की ३ ग्रॅमऐवजी सहज जास्त पडते, आणि ८३ दिवसांचा डबा दोन महिन्यांतच तळ दाखवतो. नेहमी भरता तसे दहा स्कूप स्वयंपाकाच्या काट्यावर एकत्र तोलून दहाने भागा; एकेक स्कूप तोलण्याइतके हे काटे नेमके नसतात.

‘थोड्या मात्रेत तेवढाच परिणाम’ म्हणून विकले जाणारे हायड्रोक्लोराइड याच हिशेबाने तपासा. ग्रॅममागे त्यात क्रिएटिन मोनोहायड्रेटपेक्षा कमी असते, आणि कमी मात्रा पुरते याला भक्कम पुरावा नाही.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डबा घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. रक्ततपासणीच्या वेळीही क्रिएटिन घेतो हे त्यांना सांगावे, कारण त्यामुळे अहवालात क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसू शकते.