सात मिनिटांची अठरा मिनिटे

शाळेच्या कार्यालयात येणाऱ्या विनंतीपत्रांत एक पत्र हमखास असते. ‘आजचे युग हे संगणकाचे युग आहे’ इथून ते सुरू होते, मधे विद्यार्थ्यांच्या उज्ज्वल भवितव्याचा उल्लेख येतो आणि शेवटी इयत्ता नववीसाठी आठवड्यातून एक तास सरावाला मिळावा, अशी विनंती असते. कारकून त्याची आवक नोंद करतो, मुख्याध्यापक ‘पाहू’ म्हणतात आणि पत्र फाइलला लागते. दोष मुख्याध्यापकांचा नसतो. कोणत्या वारी, कोणता तास, कोणाचा काढून द्यायचा, हे पत्रात कुठेच लिहिलेले नसते. ते शोधायचे काम पत्र मुख्याध्यापकांवरच सोपवते आणि त्यांच्याकडे अशी न सुटलेली कामे आधीच पुष्कळ असतात.

मग हे पत्र लिहावे कसे? एक नमुन्याची शाळा धरू. नववी अ मध्ये ४८ मुले. प्रयोगशाळेत संगणक २०, पण चालू १६. पत्रात घालायचा आकडा हा सोळाचा. यू-डायसच्या माहितीतही शाळेला चालू संगणक किती ते भरावे लागते, तेव्हा दोन कागदांवर दोन आकडे नकोत. संगणकाचे आठवड्याला दोन तास आहेत, प्रत्येकी ३५ मिनिटांचे, एक मंगळवारी आणि एक शुक्रवारी.

आता घड्याळ लावून पाहू. वर्गातून रांगेने निघणे, चपला बाहेर काढणे, जागा धरणे यात आठ मिनिटे जातात. जुनी यंत्रे सुरू होऊन वापरण्याजोगी व्हायला चार आणि शेवटी नीट बंद करायला तीन. पस्तिसांतली उरली वीस. एका यंत्रावर तिघे, म्हणजे प्रत्येकाच्या हाती कळफलक जेमतेम सात मिनिटे. तेवढ्यात मूल आपली फाइल उघडते आणि तास संपतो.

हेच दोन तास जोडून घेतले तर ७० मिनिटे होतात, पण जाण्यायेण्याची पंधरा मिनिटे मात्र एकदाच जातात. उरतात पंचावन्न, म्हणजे प्रत्येकाला अठरा. एकही तास न वाढवता एका बैठकीतला सरावाचा वेळ अडीचपटीच्या वर जातो. माझ्या मते संपूर्ण पत्राचा जीव एवढ्या हिशोबात आहे. बाकी सगळे त्याच्या आधाराला.

जोडतास मागायचा म्हणजे वेळापत्रकात अदलाबदल आली. सोमवार ते शुक्रवार आठ-आठ आणि शनिवारी पाच, असे आठवड्याचे ४५ तास धरले तर त्यांतला एकही मोकळा नसतो. शाळा सुटल्यावर तास ठेवा, असे कुणीतरी सुचवतेच. पण बाहेरगावच्या मुलांची एसटी थांबत नाही, आणि ती चुकली की पालक शाळेत येतात. खेळाचा तास मागितला तर क्रीडाशिक्षकांचा विरोध होणार, आणि तो योग्यच आहे. म्हणून कोणाचाही तास न घेता जागा बदलण्याची वाट काढावी लागते. आमच्या नमुन्यात शुक्रवारी सहावा तास संगणकाचा, पाचवा भूगोलाचा. भूगोल मंगळवारी तिसऱ्या तासाला न्यायचा आणि तिथला संगणक शुक्रवारी आणायचा. त्यासाठी तीन गोष्टी आधी पाहायच्या: भूगोलाच्या बाईंना मंगळवारी तिसरा तास ऑफ आहे का, शुक्रवारी पाचव्याला प्रयोगशाळेत आठवीचा वर्ग नाही ना, आणि त्या वारी महावितरणची देखभालीची वीजबंदी नसते ना. तिन्हींची उत्तरे हाती आली की पत्र लिहायला बसावे.

ते साधारण असे होईल:

प्रति,
मा. मुख्याध्यापक

विषय : इयत्ता नववी अ – संगणकाचे दोन तास जोडून मिळण्याबाबत

महोदय,

नववी अ च्या संगणक विषयाचे मंगळवार (तिसरा) आणि शुक्रवार (सहावा) हे दोन तास एकत्र करून शुक्रवारी पाचवा-सहावा असे मिळावेत, ही विनंती. शुक्रवारचा पाचवा भूगोलाचा तास मंगळवारी तिसऱ्या तासाला जाईल. भूगोल शिक्षिकांची संमती सोबत जोडली आहे. कोणत्याही विषयाचा तास कमी होत नाही. त्या वेळी प्रयोगशाळा रिकामी असते.

सध्या १६ चालू यंत्रांवर ४८ विद्यार्थी बसतात आणि एका तासात प्रत्येकास सुमारे ७ मिनिटे सराव मिळतो. जोडतासात तो सुमारे १८ मिनिटे मिळेल. तिघांच्या गटात एक जण काम करील, दुसरा कृती वाचून सांगेल, तिसरा वहीत तपासेल. घंटेवर जागा बदलतील. पाठ्यपुस्तकातील भाग विद्यार्थी आदल्या आठवड्यात घरी वाचून येतील.

ही व्यवस्था द्वितीय सत्रात दहा आठवडे प्रायोगिक स्वरूपात करावी. सुरुवातीस व शेवटी एकच चाचणी घेऊन निकाल आपणास सादर करीन.

आपली विश्वासू,
संगणक शिक्षिका

पत्र एका पानात संपले. ‘युग’ कुठेही आले नाही.

त्यातली चाचणी म्हणजे नेमके काय, हे मुख्याध्यापक विचारतीलच, आणि उत्तर तयार हवे. स्प्रेडशीटवर पाच मुलांचे तीन विषयांचे गुण द्यायचे आणि बेरीज करायला सांगायचे. पहिल्या मुलाची बेरीज बहुतेक मुले अशी करतात:

```
=45+62+38
```

उत्तर बरोबर येते, म्हणून शिक्षकही पुढे जातात. पण बाईंनी आता ६२ चे ७२ केले की बेरीज जागची हलत नाही. मुलाने संगणकाचा वापर कॅल्क्युलेटरसारखा केला, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला सूत्र कळले आहे तो असे लिहितो:

```
=SUM(B2:D2)
```

इथे गुण बदलला की बेरीज आपोआप बदलते, आणि हेच सूत्र खाली ओढले की उरलेल्या चौघांचीही होते. लेखी परीक्षेत ‘सूत्र म्हणजे काय’ याचे उत्तर दोघेही सारखेच लिहितात. फरक दिसतो तो यंत्रावरच. म्हणून चाचणीत एक गुण बदलायचा आणि किती मुलांची बेरीज हलली ते मोजायचे. मात्र तिघांच्या गटात एकच हुशार मूल सगळे करून टाकते, म्हणून चाचणी एकेकट्याची घ्यायची, सोळा-सोळाच्या तीन फेऱ्यांत. दहा आठवड्यांनी आकडे बदलून पुन्हा तेच. हलणाऱ्या बेरजांची संख्या वाढली नाही, तर जोडतास परत मोडावा, हेही शिक्षिकेने तयारीने म्हणावे.

‘नववीच का?’ हा दुसरा प्रश्न. दहावीला जादा तासांची घाई असते आणि बोर्डाच्या वर्षी वेळापत्रकाला हात लावायला कोणी तयार नसते. नववीत ती अडचण नाही, आणि दहावीला जायच्या आत हात बसलेला असतो. विजेचे म्हणाल तर सोळा यंत्रे प्रत्येकी दीडशे वॉट धरून तासाला सुमारे अडीच युनिट होतात. शिवाय यंत्रे आजही दोन तास चालतातच, तेव्हा बिलात फरक पडायचे कारण नाही.

पत्र द्यायची वेळही पाहावी. नवे वेळापत्रक जूनमध्ये शाळा उघडण्याआधी बसते, त्यामुळे एप्रिलमध्ये दिलेल्या पत्राला वेळापत्रक पाहणारे शिक्षक सहज जागा देतात. जुलैत तेच मागितले तर चार जणांचे तास हलतात आणि चौघेही कुरकुरतात. त्या खालोखाल सोयीची वेळ दिवाळीची सुट्टी, म्हणून वरच्या पत्रात द्वितीय सत्र घातले आहे.

आणि मुख्याध्यापक तोंडी ‘हो’ म्हणाले, तरी पत्रावर शेरा व सही घेऊन एक प्रत पर्यवेक्षकांकडे द्यावी. कुणी शिक्षक रजेवर गेला, की बदली तास लावणारे आधी जोडतासच फोडतात, आणि तेव्हा तोंडी परवानगी कोणाला आठवत नाही.