हुशार म्हणजे इंग्रजीत काय?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या टाकव्याच्या बाजूच्या एका गटातली ताई प्रगतिपुस्तक घेऊन आली. जावयाची चाकणच्या कंपनीतून इंग्लंडला बदली झालेली, आणि चौथी झालेल्या नातीला तिथल्या शाळेत घालायचं होतं. शाळेने मागच्या वर्षाची प्रगती इंग्रजीत मागितली होती. तालुक्याच्या गावी एका टायपिंगवाल्याकडून ताईने कागद करून आणला होता. तो बरोबर आहे का, एवढंच आम्हाला बघायचं होतं.

आपल्याकडे 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तेव्हापासून गुणांबरोबर गुरुजी-बाई वर्णनात्मक नोंदीही लिहितात. या मुलीच्या नोंदी अशा होत्या: ‘हुशार आहे. लक्षपूर्वक ऐकते. गणितात घाई करते. वर्गात बोलताना बुजते.’

पहिली चूक सोपी होती. मराठी नोंदीत मुलीचं नाव पुन्हा पुन्हा येत नाही. ‘ऐकते’, ‘बुजते’ यावरूनच मुलगी आहे हे कळतं. इंग्रजी क्रियापदात ते दिसत नाही, तिथे ‘ही’ किंवा ‘शी’ घालावंच लागतं. टायपिंगवाल्याने जुन्या कुणाच्या कागदावरून नक्कल केली असावी, कारण वर नाव मुलीचं आणि खाली सगळीकडे ‘ही’. असा कागद पाहून कुणालाही वाटेल की नोंदी दुसऱ्याच कुणाच्या आहेत.

मग ‘हुशार’. त्याने ‘स्मार्ट’ लिहिलं होतं. इंग्लंडमध्ये ‘स्मार्ट’ म्हटलं की आधी नीटनेटके कपडे डोळ्यांपुढे येतात. ‘क्लेव्हर’ म्हणावं, तर त्यात कधी कधी चलाखीची छटा येते. आपणही ‘फार हुशार आहेस हं!’ म्हणतो तेव्हा कौतुक नसतंच. शब्द फारसीतून आलेला, मूळ अर्थ शुद्धीवर असलेला, सावध. म्हणून तर ताप उतरल्यावर ‘आता जरा हुशारी वाटते’ म्हणतो. शाळेच्या नोंदीत मात्र त्याचा अर्थ चटकन समजणारी, आणि त्याला तिथल्या शाळांतला शब्द ‘ब्राइट’. तो आम्ही घातला.

‘लक्षपूर्वक’ला त्याने ‘केअरफुली’ लिहिलं होतं. ते काळजीपूर्वक झालं. वही नीट ठेवणारी मुलगी ‘केअरफुल’, बाईंच्या तोंडाकडे बघत ऐकणारी ‘अटेन्टिव्ह’. ‘शी लिसन्स अटेन्टिव्हली’ हे नेमकं.

खरा वाद पुढे झाला. मुलीची आई फोनवर म्हणाली, ‘ताई, ते घाईचं आणि बुजण्याचं गाळा ना. प्रवेश अडला तर?’ आम्हालाही मोह झाला. पण भाषांतरकाराला खाली लिहून द्यावं लागतं की हे मूळ कागदाचं खरं आणि अचूक भाषांतर आहे. तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क द्यावा लागतो. वाक्य गाळून तशी सही करणं म्हणजे खोटी सही. शिवाय मुलगी बुजते हे तिथल्या बाईंना कळलं नाही, तर परक्या भाषेत ती गप्प बसल्यावर तिला काही येत नाही असंच त्या समजतील. वाक्य ठेवलं. टायपिंगवाल्याने त्याला ‘अफ्रेड’ म्हटलं होतं. भिते आणि बुजते यांत फरक आहे, म्हणून तिथे ‘शाय’ केलं.

‘हुशार’ एवढ्यावर मात्र आमचं समाधान होईना, कारण तो शेरा निम्म्या वर्गाला मिळतो. ताई शाळेत गेली आणि बाईंना विचारलं, हुशार म्हणजे काय बघितलंत? बाई म्हणाल्या, ‘नवा पाठ एकदा समजावला की ती शेजारणीला समजावून सांगते.’ हे भाषांतरात घुसडता येत नाही, कारण मुळात लिहिलेलं नाही. बाईंनी ते शाळेच्या लेटरहेडवर वेगळ्या पत्रात लिहिलं, मुख्याध्यापकांनी सही-शिक्का दिला, आणि त्या पत्राचं वेगळं भाषांतर झालं.

श्रेणी ‘अ-2’ होती. ती ‘ए-2’ अशीच ठेवली आणि टीप लिहिली की म्हणजे 81 ते 90 टक्के. ‘चौथी’चं त्याने ‘इयर फोर’ केलं होतं, ते काढून ‘स्टँडर्ड फोर’ केलं. इंग्लंडमध्ये मूल पाचव्या वर्षी ‘इयर वन’ला बसतं, त्यामुळे तिथला ‘इयर फोर’ आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा. ही मुलगी नऊ पूर्ण केलेली. वर्ग तिथे जन्मतारखेवरून ठरतो, पण चुकीचा शब्द वाचून मूल मागे आहे असा समज व्हायला वेळ लागत नाही.

‘समाधानकारक’ हा शेरा तिच्या कार्डावर नव्हता, पण तुमच्या मुलांच्या दाखल्यावर असेल. त्याला ‘सॅटिस्फॅक्टरी’ म्हणतात, तेच बरोबर. फक्त तिकडे हा शब्द आपल्यापेक्षा थंड वाजतो. इंग्लंडच्या शाळा तपासणीने 2012 मध्ये तो दर्जाच काढून त्याजागी ‘सुधारणा हवी’ असं केलं. तेव्हा असा शेरा असेल तर शब्द बदलू नका, बाईंचं पत्र सोबत जोडा.