गप्प बसलं की तुटणारं व्हीपीएन

घरचा संगणक वायरगार्डने सर्व्हरला जोडलेला असतो. बाहेरून तो उघडता येतो, पण काही मिनिटं काम थांबवलं की प्रतिसाद बंद. संशय सर्व्हरवर जातो. दोषी बहुधा घरचा राउटरच असतो. बाहेर गेलेल्या यूडीपी जोडणीची नोंद तो थोडाच वेळ ठेवतो, अनेकदा ३० सेकंद ते ३ मिनिटं. नोंद पुसली की सर्व्हरकडून येणारी पाकिटं तो टाकून देतो.

खात्री करणं सोपं आहे. घरच्या संगणकावरून सर्व्हरच्या व्हीपीएन पत्त्याला सतत पिंग चालू ठेवा. तेवढा वेळ जोडणी टिकली आणि पिंग थांबवल्यावर तुटली, तर कारण शांतताच. मग घरच्या संगणकाच्या फाइलमध्ये `[Peer]` खाली ही ओळ घाला:

```
PersistentKeepalive = 25
```

आता दर २५ सेकंदांनी एक छोटं, रिकामं पाकीट जातं आणि नोंद जिवंत राहते. मोबाइलची बॅटरी मात्र थोडी जास्त खर्च होते.

पिंग चालू असतानाही जोडणी तुटत असेल, तर ही ओळ निरुपयोगी. एकच की दोन उपकरणांत वापरली आहे का, ते आधी पाहा; दोन्ही एकमेकांची जागा हिसकावत राहतात. ऑफिसच्या ओपनव्हीपीएनमध्ये `inactive` ही मर्यादा मुद्दाम लावलेली असू शकते. ती कीपअलाइव्हची पाकिटं मोजतच नाही. ती ॲडमिननेच वाढवावी लागते.