प्रिंटरच्या पाठीवरचा पासवर्ड

जून 2025 मध्ये रॅपिड7 या सुरक्षा कंपनीने ब्रदरच्या प्रिंटरमधला एक दोष जाहीर केला. कारखान्यातून निघताना प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड मिळतो, तो मागच्या लेबलवर छापलेला असतो. पण तो यंत्राच्या सीरियल नंबरवरूनच तयार होतो आणि ती रीत संशोधकांनी उलगडली. म्हणजे नंबर कळला की पासवर्ड हाती. शिवाय SNMP सारखी चालू राहिलेली सेवा तो नंबर नेटवर्कवरून विचारणाऱ्याला सांगून टाकते.

आत शिरलेल्याला छपाईत रस नसतो. स्कॅन थेट सर्व्हरवर जावा म्हणून ऑफिसने यंत्रात भरून ठेवलेला सर्व्हरचा पासवर्ड त्याला हवा असतो.

विकल्या गेलेल्या यंत्रांतला हा दोष फर्मवेअर अपडेटने पूर्ण जात नाही, म्हणून पासवर्ड आपणच बदलायला हवा. प्रिंटरवरून नेटवर्क रिपोर्ट छापा, त्यातला आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाका, लेबलवरच्या पासवर्डने आत जा आणि नवा, लांब पासवर्ड ठेवा. मग बाहेर पडून जुना टाकून पाहा; तो नाकारला गेला तरच काम झाले.

त्यानंतर प्रोटोकॉलच्या यादीत टेलनेट आणि वापरात नसलेले एफटीपी बंद करा. SNMP बाबत मात्र सावध राहा. काही संगणक प्रिंटरची स्थिती त्यावरूनच तपासतात, त्यामुळे ती बंद करताच चांगला प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसू शकतो. म्हणून एकेक सेवा बंद करावी आणि दरवेळी एक पान छापून, एक स्कॅन करून पाहावे.