चोवीसपैकी वीस

बुधवारी सकाळी साडेदहा. हिंजवडीतल्या एखाद्या आयटी कंपनीच्या मीटिंग रूममध्ये पाच डेव्हलपर, एक टेस्टर आणि प्रॉडक्ट ओनर बसले आहेत. चहाचे कप अजून गरम आहेत आणि पडद्यावर बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची लांबलचक यादी, उघडलेली आहे. पुढच्या दोन आठवड्यांत, म्हणजे या स्प्रिंटमध्ये, त्यातलं काय करायचं हे इथं ठरणार आहे. टीम काल्पनिक असली, तरी तिच्या अडचणी या धंद्यातल्या कुणालाही ओळखीच्या वाटतील.

पहिली चूक बहुतेक वेळा इथंच होते. यादी समोर दिसली, की वरून एकेक तिकीट उचलायला सुरुवात होते आणि शेवटी उद्दिष्टाच्या रकान्यात ‘वरील तिकिटं पूर्ण करणे’ असं लिहिलं जातं. हे उद्दिष्ट नव्हे, ही वाणसामानाची यादी. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या ‘स्क्रम गाइड’च्या 2020च्या आवृत्तीत या बैठकीचा पहिला प्रश्न ‘हा स्प्रिंट कशासाठी?’ असा आहे. काय करायचं आणि कसं करायचं, हे त्यानंतर.

या टीमचं काम हॉस्पिटलच्या ॲपचं. प्रॉडक्ट ओनर एका वाक्यात उद्दिष्ट मांडते: पेशंटला फोन न करता स्वतःची अपॉइंटमेंट बदलता यावी. लगेच एक डेव्हलपर विचारतो, ‘रद्द करणंही यात येतं का?’ नाही येत. त्या एका ‘नाही’मुळे तीन तिकिटं आपोआप बाजूला होतात.

मग हिशेब. काम किती अवघड हे टीम दिवसांत न मोजता पॉइंटमध्ये मोजते. मागच्या तीन स्प्रिंटमध्ये 31, 27 आणि 29 पॉइंटचं काम पूर्ण झालं, म्हणजे सरासरी 29. तेव्हा सगळे हजर होते: सहा जण, दहा दिवस, एकूण 60 मनुष्यदिवस. या वेळी मधल्या सोमवारी गणेश चतुर्थी आहे, म्हणजे सहा दिवस गेले. टेस्टर कोकणातली, ती मंगळवार ते शुक्रवार गावी असणार, म्हणजे आणखी चार. उरले 50. त्या प्रमाणात 29चे झाले साधारण 24.

आता तिकिटं ओढायची. ती डेव्हलपर आणि टेस्टरनीच ओढायची असतात. प्रॉडक्ट ओनर क्रम सांगते, आकडा लादत नाही. मागून राहिलेलं 2 पॉइंटचं काम, वेळ बदलण्याचा स्क्रीन 5, सुटलेली वेळ दुसऱ्या पेशंटला खुली करण्याचं काम 8, अपॉइंटमेंटच्या दोन तास आधी बदल बंद करण्याचा नियम 3. झाले 18.

एसएमएसच्या 3 पॉइंटवर गाडी अडते. भारतात असा मेसेज पाठवायचा तर त्याचा मजकूर टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत आधी मंजूर करून घ्यावा लागतो. तो अर्जच केलेला नाही, आणि मंजुरी कधी येईल हे टीमच्या हातात नाही. कोड दोन दिवसांत होईल, पण तिकीट लोंबकळत राहील. म्हणून अर्ज आजच करायचा आणि तूर्त ॲपमधल्या नोटिफिकेशनवर भागवायचं, असं ठरतं. त्याचे 2. एकूण 20.

‘अजून चार शिल्लक आहेत. तो रिपोर्ट डाउनलोडचा घेऊ या ना, तीनच पॉइंट आहेत.’ असं कुणीतरी म्हणतंच. बेरजेत ते बसतंही. पण टेस्टर कॅलेंडरकडे बोट दाखवते. ती या आठवड्यात तीन दिवस आहे, तेव्हा तपासायला काही तयारच नसेल. परत येईल तेव्हा हाती शेवटचा सोमवार आणि मंगळवार. पॉइंटची बेरीज सगळ्या टीमची असते, पण ही सगळी तिकिटं एकाच दारातून बाहेर पडणार आहेत, आणि ते दार पाच दिवस बंद आहे.

शिवाय रिपोर्टचा उद्दिष्टाशी संबंध नाही. तिसरी खूण खोलीतच दिसते: 8 पॉइंटच्या कामावर दहा मिनिटं वाद घालणारी माणसं रिपोर्टचा अंदाज एकही प्रश्न न विचारता मान्य करतात. तिकीट सोपं असेलही; पण माणसं थकली असण्याचीच शक्यता जास्त.

टीम 20वर थांबते. टेस्टर जाण्याआधीच्या तीन दिवसांत काय-काय तपासायचं ते लिहून ठेवणार; नोटिफिकेशन आणि दोन तासांचा नियम डेव्हलपर एकमेकांचे तपासणार; 8 पॉइंटचं काम शुक्रवार संध्याकाळपर्यंत तिच्यासाठी तयार हवं. काम लवकर उरकलं, तर रिपोर्ट मध्येच घ्यायला कुणाची ना नाही. अर्ध्यावर आलेलं तिकीट परत ठेवणं मात्र महागात पडतं, कारण अर्धवट कोड कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

महिन्याच्या स्प्रिंटसाठी या बैठकीला ‘स्क्रम गाइड’नं कमाल आठ तास दिले आहेत. दोन आठवड्यांच्या या बैठकीला सव्वादोन लागले. रिपोर्टचं तिकीट बॅकलॉगच्या माथ्यावर गेलं आणि एसएमएसचा अर्ज जेवणाआधी भरून झाला.